जुना मेल आयडी पडून राहिला तर बिघडतं काय? गैरसमज आणि वस्तुस्थिती

"वापरत नाही ना, मग पडू दे की. कंपनी आपोआप बंद करते." बोरगाव-निपाणी भागात काय आणि पलीकडे इचलकरंजीत काय, जुन्या मेल आयडीचा विषय निघाला की हे उत्तर ठरलेलं. शिकलेली, नोकरी करणारी, बँकेचे सगळे व्यवहार फोनवर करणारी माणसंही हेच सांगतात, म्हणून ते ऐकताना जास्त त्रास होतो. कंपनी आपोआप बंद करते हे खरं आहे. आणि नेमकं म्हणूनच जुना आयडी पडू देणं धोक्याचं आहे.

आधी बंद करण्याचे नियम पाहू. गूगलनं मे 2023 मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकली जातील, आणि डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. मायक्रोसॉफ्टचा आउटलुक-हॉटमेलसाठीचा नियमही दोन वर्षांचाच आहे. याहूमध्ये बारा महिने लॉगिन केलं नाही तर पेटी बंद होते आणि आतले मेल पुसले जातात.

पण कंपनी बंद करते ती फक्त टपालाची पेटी. तुमच्या बँकेला, आयकर खात्याला, ईपीएफला किंवा फेसबुकला ती काहीही कळवत नाही. त्या सगळ्यांच्या नोंदीत तुमचा पत्ता तोच राहतो. पासवर्ड विसरलात की नवा पासवर्ड ठरवायची लिंक त्याच पत्त्यावर जाते. मेल आयडी म्हणजे निरोप घेण्याची जागा एवढंच लोक धरून चालतात. खरं तर बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. तो पत्ता ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती खाती.

"पण बंद झालेला पत्ता दुसऱ्याच्या हातात जाईलच कसा?" असं कुणी विचारलं तर 2013 सालचं याहूचं प्रकरण सांगावं लागतं. त्या वर्षी जूनमध्ये याहूनं जाहीर केलं की किमान वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून मागेल त्याला दिले जातील. मधल्या काळात त्या पत्त्यांवर येणारे मेल परत पाठवू, म्हणजे पाठवणाऱ्यांना पत्ता बंद झाल्याचं कळेल, अशी कंपनीची योजना होती. सप्टेंबरमध्ये बातम्या आल्या त्या वेगळ्याच. ज्यांना हे आयडी मिळाले त्यांच्या पेटीत आधीच्या मालकांची टपालं येऊ लागली होती, आणि त्यात त्यांच्या ऑनलाइन खात्यांची आणि वैयक्तिक माहितीची पत्रंही होती. याहूला मग 'हा मेल माझा नाही' असं कळवण्यासाठी एक बटण द्यावं लागलं. याहू आणि फेसबुकच्या तंत्रज्ञांनी मिळून एक उपायही तयार केला आणि तो जुलै 2014 मध्ये RFC 7293 या क्रमांकानं इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात मेल पाठवणारा सांगू शकतो की 'हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच हे पोचवा'. पण पाठवणाऱ्यानं ती सोय वापरली तरच तिचा उपयोग. पासवर्डची लिंक पाठवणारी प्रत्येक वेबसाइट ती वापरते असं धरून चालता येत नाही.

जीमेलचं तसं नाही. डिलीट केलेलं नाव गूगल पुन्हा कुणालाच देत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून जीमेलवाल्यांनी निर्धास्त राहावं का? तर नाही. पडून असलेल्या खात्याचा पासवर्ड बहुधा जुना असतो आणि तोच चार ठिकाणी वापरलेला असतो. अशा सोडून दिलेल्या खात्यांवर दुहेरी पडताळणी लावलेली असण्याचं प्रमाण वापरातल्या खात्यांच्या तुलनेत किमान दहा पटींनी कमी आहे, असं गूगलनंच 2023 च्या घोषणेत म्हटलं होतं. आपल्या भागात त्यात आणखी एक भर पडते. अनेकांचा पहिला आयडी नेट कॅफेवाल्यानं फॉर्म भरताना उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कॅफेच्या वहीत लिहिलेला असतो.

"ओटीपी तर मोबाइलवर येतो, मेल कोण बघतो?" हे यावरचं नेहमीचं उत्तर. सीमाभागात तर हे मुळीच चालण्यासारखं नाही. कोल्हापूरला शिकताना घेतलेलं सिम गावी आल्यावर बंद पडतं आणि नवं घेतलं जातं, असं इथे घरोघरी घडतं. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर देता येतो, असं ट्रायनं नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. म्हणजे नंबरही फिरतो आणि पत्ताही. दोन्ही जुने असतील तर खात्यात शिरायला तुमच्याकडे एकही वाट उरत नाही.

मग करायचं काय, ते एका उदाहरणानं पाहू. समजा, बोरगावचा एक तरुण कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. कॉलेजात असताना निपाणीच्या नेट कॅफेत उघडलेला याहूचा आयडी त्याच्याकडे आहे. आता तो जीमेल वापरतो आणि याहू डिलीट करायचं म्हणतो.

त्यानं आधी जुन्या आयडीत शिरून पासवर्ड बदलावा आणि तिथला मोबाइल नंबर चालू आहे ना ते पाहावं. जुनी पेटी या कामात शेवटपर्यंत जिवंत लागते, कारण पत्ता बदलताना पुष्कळ ठिकाणी जुन्या पत्त्यावरही खातरजमा करणारा मेल जातो. लगेच नव्या जीमेलची सेटिंग पाहावी. तिथे रिकव्हरी ईमेल म्हणून तोच याहू दिलेला असतो, असं वारंवार आढळतं. तो बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या रिकव्हरी पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, म्हणून हे काम सर्वांत आधी करायचं.

त्यानंतर यादी. जुन्या पेटीत welcome, verify, password, statement, policy हे शब्द एकेक करून शोधले की कुठे कुठे खाती उघडली होती ते दिसू लागतं. मात्र वर्षभर लॉगिन केलं नसेल तर याहूची पेटी रिकामी मिळेल. अशा वेळी फोनच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहावेत. तिथे वेबसाइटचं नाव आणि वापरलेला आयडी दोन्ही असतात.

आमच्या तरुणाच्या यादीत बँक, ईपीएफ, आयकर, विमा आणि फेसबुक निघालं असं धरू. यातलं आयकराचं प्रकरण लोक हसण्यावारी नेतात, तसं करू नये. 1962 च्या आयकर नियमांतल्या 127 व्या नियमानुसार विवरणपत्रात दिलेल्या ईमेल पत्त्यावर नोटीस पाठवता येत आली आहे. पत्ता बंद होता, मी पाहिलाच नाही, ही सबब पुढे करण्याची वेळ येऊ देऊ नये. पोर्टलवर 'माय प्रोफाइल'मध्ये जाऊन पत्ता बदलता येतो. तिथे विवरणपत्र भरून देणाऱ्याचाच मेल आयडी आणि नंबर तर नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

फेसबुकवर चूक वेगळी होते. नवा पत्ता जोडला की काम झालं असं वाटतं, पण जुना पत्ता दुय्यम म्हणून तिथेच राहतो आणि त्यावरूनही खातं परत मिळवता येतं. नवा जोडून झाल्यावर जुना काढून टाकावा लागतो. आणखी एक अडचण 'साइन इन विथ गूगल' किंवा 'साइन इन विथ याहू' म्हणून उघडलेल्या खात्यांची. तिथे स्वतंत्र पासवर्डच नसतो. संपर्काचा पत्ता बदलला तरी दार जुन्याच खात्यातून उघडतं. अशा ठिकाणी आधी पासवर्ड तयार करावा, बाहेर पडावं आणि त्या पासवर्डनं पुन्हा आत येऊन पाहावं.

पत्ता खरंच बदलला की नाही हे ओळखण्याची खात्रीची खूण एकच. त्या वेबसाइटवर 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं आणि मेल कुठल्या पेटीत येतो ते बघायचं. नव्या पेटीत आला आणि जुन्या पत्त्याचा पर्याय कुठेच दिसला नाही, तर ते नाव यादीतून खोडावं. प्रोफाइलमध्ये नवा पत्ता दिसतो एवढ्यावर विसंबू नये.

यादी संपली तरी लगेच डिलीट करू नये. विम्याच्या हप्त्याची आठवण वर्षातून एकदाच येते, विवरणपत्राचे मेल उन्हाळ्यात येतात. एक पूर्ण वर्ष अधूनमधून जुन्या पेटीत डोकावलं की विसरलेलं खातं आपणहून समोर येतं. हवे ते मेल उतरवून घ्यावेत, जीमेलसाठी takeout.google.com ही सोय आहे. मग डिलीट. भारतात नोंदवलेलं याहू खातं डिलीटची विनंती केल्यावर साधारण 90 दिवस राखून ठेवलं जातं आणि त्या काळात लॉगिन केलं तर ते पुन्हा चालू होतं. म्हणून फोनमधूनही ते खातं काढून टाकावं आणि सहज बघू म्हणून आत शिरू नये.

आता छोटे गैरसमज. फोनच्या सेटिंगमधून अकाउंट काढलं म्हणजे ते डिलीट झालं असं नाही; ते फक्त त्या फोनवरून गेलं. आयडी डिलीट केल्यानं तुम्ही पाठवलेले मेल समोरच्याच्या पेटीतून पुसले जात नाहीत. त्या आयडीनं उघडलेली इतर वेबसाइटवरची खातीही त्याबरोबर नाहीशी होत नाहीत. गूगल खातं डिलीट केलं तर नुसते मेल जात नाहीत, फोटो, ड्राइव्हवरच्या फायली आणि तिथे ठेवलेला व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही जातो. फक्त जीमेल काढायचं असेल तर myaccount.google.com वर एखादी सेवा तेवढी डिलीट करण्याचा वेगळा पर्याय आहे.

आणि शेवटचा गैरसमज, जुना आयडी डिलीट केलाच पाहिजे हा. एखादं खातं काही केल्या नव्या पत्त्यावर हलत नसेल, तर जुना आयडी डिलीट करू नका. त्याला नवा, वेगळा पासवर्ड द्या, दुहेरी पडताळणी लावा आणि वर्षातून दोन-तीनदा लॉगिन करत राहा. यादीतलं शेवटचं नाव खोडलं गेल्यावरच डिलीटचं बटण दाबा.