चिवळीचे इंग्रजी नाव काय?

ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात आणि पाट्यांवर इंग्रजी नावे लिहायची घाई सुरू होते. नाव सापडले नाही तर मोबाइलवर पहिले दिसेल ते उतरवून काढतात. त्यातल्या बऱ्याच पाट्या चुकतात, आणि त्या का चुकतात हे औरंगाबादेतल्या औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारातली एक जुडी हातात घेतली की कळते.

पावसाळ्यात तिथे मांसल पानांची, लालसर देठांची एक बुटकी भाजी येते. कुणी तिला घोळ म्हणते, कुणी चिवळ, कुणी चिगळ. शब्दकोशाने घोळीसाठी ‘पर्सलेन’ दिले की आपण खूश होतो. पण याच नावांखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, म्हणून आधी जुडी ओळखायची आणि मग नाव शोधायचे.

देठाची पेरे डोळ्यांजवळ धरा. पेरांवर पांढऱ्या लांब केसांचे झुपके असतील, पाने समोरासमोर आणि जेमतेम सेंटिमीटरभर असतील, तर ती चिवळ, शास्त्रीय नावाने पोर्तुलाका क्वाड्रिफिडा. पेरे जवळजवळ गुळगुळीत असतील आणि टोकाकडे रुंद होणारी मोठी पाने शेंड्याशी गुच्छाने असतील, तर ती घोळ, म्हणजे पोर्तुलाका ओलेरॅसिया. फूल मिळाले तर शंकाच उरत नाही. दोन्हींची फुले पिवळी असतात, पण चिवळीला पाकळ्या चार आणि घोळीला बहुधा पाच. अडचण अशी की ही फुले उन्हात थोडाच वेळ उमलतात, संध्याकाळच्या जुडीत ती मिटलेलीच दिसतात. अशा वेळी एक-दोन काड्या कुंडीत खोचून ठेवाव्यात. त्या सहज मुळे धरतात आणि काही आठवड्यांत फुलतात.

शेतातून स्वतः खुडून आणणाऱ्यांनी दोन तोतयांकडे लक्ष द्यावे. जमिनीलगत पसरणारी, लालसर, बारीक पानांची छोटी दुधी लांबून चिवळीसारखी दिसते. देठ मोडला की तिच्यातून पांढरा चीक येतो, घोळीतून किंवा चिवळीतून तो कधीच येत नाही. चीक दिसला की ती टाकून द्यायची. दुसरा विषखापरा. त्याची पानेही मांसल असतात, पण जोडीतले एक पान मोठे आणि दुसरे लहान असते आणि फूल पांढरे-गुलाबी येते. त्याचे इंग्रजी नाव ‘हॉर्स पर्सलेन’. म्हणजे इंग्रजीतही घोळीचेच नाव पुढे काहीतरी जोडून भलत्याच कुळातल्या वनस्पतीला दिलेले आहे.

पडताळणीसाठी मराठवाड्यातल्या माणसाने मुंबई-पुण्याच्या पुस्तकांवर थांबू नये. थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला ग्रंथ आजही वापरतात आणि त्यात देशी नावेही आहेत, पण तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. कुकांची हद्द इथवर येत नव्हती, त्यामुळे इथल्या बोलीतली नावे त्यात सापडतीलच असे नाही. ती उणीव भरून निघाली १९९८ मध्ये. त्या वर्षी व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांतला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ याच शहरातल्या अमृत प्रकाशनाने काढला. माझ्या मते या भागातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात तो हवा, आणि महोत्सवाच्या आयोजकांच्या टेबलावर तर हवाच. पान, पेर, फूल, फळ यांच्या खुणांनी पायरीपायरीने जातीपर्यंत पोचवायचे, ही अशा ग्रंथांची पद्धत. तेवढे जमत नसेल तर फुला-मुळासकट फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी, सोबत गाव, तारीख आणि विकणाऱ्या मावशींनी सांगितलेले नाव लिहावे आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी. नुसता पानांचा फोटो दाखवला तर जाणकारही अंदाजच सांगू शकतो.

शास्त्रीय नाव हाती आले की इंग्रजी नाव शोधणे सोपे. संगणकावर Portulaca quadrifida असे अक्षर न चुकवता टाइप करावे. चिवळीला ‘चिकनवीड’ हे नाव दिलेले आढळते. इथे पुन्हा सावध व्हायचे, कारण ‘चिकवीड’ ही थंड हवेतली, पांढऱ्या फुलांची निराळीच वनस्पती आहे आणि इंग्रजीत दोन अक्षरे गळली की पाटी तिची होते. शास्त्रीय नावांना आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, इंग्रजी बोलीनावांना तशी कसलीच नाही. तीही चिवळ-चिगळीसारखी गावागणिक बदलतात. म्हणून पाटीवर सर्वांत वर इथले नाव, त्याखाली शास्त्रीय नाव आणि शेवटी इंग्रजी नाव लिहावे. इंग्रजी नाव मिळालेच नाही तर ती ओळ कोरी ठेवावी.