दोन टनांचे भोक आणि एका अंशाची माघार

दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यात १० मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि तोच १०० मिलिमीटर रुंदीचा पत्रा काटकोनात वाकवायचा. यातल्या कोणत्या कामाला प्रेसची ताकद जास्त लागेल? वाकवण्याला, असेच बहुतेकांना वाटते. कॉलेजच्या वर्कशॉपसाठी दोन्ही कामांचे एकच टूल बनवताना हिशोब मात्र उलटा येतो.

भोक पाडताना पंच पत्रा कापतो. कापली जाणारी कड म्हणजे भोकाचा परीघ, साधारण ३१.४ मिलिमीटर. त्याला जाडीने आणि पत्र्याच्या कातरण्याच्या ताकदीने गुणायचे. साध्या माइल्ड स्टीलसाठी ही ताकद दर चौरस मिलिमीटरला ३२० न्यूटन धरली, तर उत्तर येते सुमारे २०,००० न्यूटन, म्हणजे दोन टन. पंचाची धार बोथट होते, म्हणून अडीच टन धरावेत.

वाकवण्यासाठी पत्रा व्ही-डायवर ठेवतात. डायचे तोंड जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिलिमीटर. रुंदी, जाडीचा वर्ग आणि पत्र्याची ताणशक्ती (इथे ४००) यांचा गुणाकार करायचा, त्याला १.३३ ने गुणायचे आणि डायच्या तोंडाने भागायचे. उत्तर १३,३०० न्यूटन, दीड टनाच्याही आत. डायचे तोंड अरुंद केले की हा आकडा लगेच चढतो.

ताकदीचा प्रश्न इथे सुटतो. पाच टनांची हायड्रॉलिक प्रेस पुरते. टूलची खरी परीक्षा पंच वर उचलल्यावर होते. वाकलेल्या जागी पत्र्याचे बाहेरचे थर कायमचे ताणलेले आणि आतले दबलेले असतात, पण मधला गाभा लवचीकच राहतो. दाब सुटताच सगळ्याच थरांतला लवचीक ताण सुटतो आणि कोन थोडा उघडतो. हाच स्प्रिंगबॅक. आतली त्रिज्या अडीच मिलिमीटर असेल, तर सूत्राने अर्धा अंश येतो, प्रत्यक्षात एक अंशापर्यंत मिळतो. त्रिज्या २० मिलिमीटर केली, तर तोच पत्रा सुमारे साडेतीन अंश मागे येतो.

म्हणून डायचा कोन ९० न ठेवता ८५ अंशांचा कापावा आणि पंच किती खाली जाईल हे स्टॉप-बोल्टने ठरवावे. १६ मिलिमीटरच्या डायमध्ये पंच ०.१४ मिलिमीटर जास्त खाली गेला की कोन सुमारे एक अंशाने बदलतो. एम-१० बोल्टचा पिच दीड मिलिमीटर. तेव्हा दहावा हिस्सा फेरा म्हणजे जवळपास एक अंश. बोल्ट लॉकनटने पक्का करावा, नाहीतर दर पट्टीला कोन वेगळा येईल.

भोक मात्र वाकण्याच्या रेषेपासून लांब हवे. जवळ असले तर वाकवताना ते अंडाकृती होते. पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला ०.१ ते ०.१५ मिलिमीटर फट लागते. ती जास्त झाली की भोकाच्या खालच्या कडेला मोठी बर राहते.

पत्र्याचा नवा लॉट आला की त्याची ताकद बदललेली असू शकते. आधी एक पट्टी वाकवावी, कोन मोजावा आणि बोल्ट तेवढाच फिरवावा.