अलॉटमेंटचा तक्ता गायब, तरी शेअर जप्तीची एंट्री बसवायची कशी?

आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी मागच्या आठवड्यात मला एक गणित पाठवलं. नोट्सची कॉपी करताना कोणीतरी मधलं चित्र काढून टाकलं होतं. नेमकं तेच चित्र म्हणजे अलॉटमेंटचा तक्ता, म्हणजे कोणी किती शेअरसाठी अर्ज केला आणि कोणाला किती मिळाले. ताई म्हणाल्या, "सर, हे सोडूनच देऊ का?" मी म्हटलं, थांबा. आजूबाजूचे आकडे शाबूत असतील तर तक्ता परत उभा करता येतो.

गणित असं होतं. कंपनीने 10 रुपयांचे 20,000 शेअर 2 रुपये प्रीमियमने काढले. अर्जासोबत 3 रुपये, अलॉटमेंटला 5 रुपये (त्यात 2 रुपये प्रीमियम) आणि शेवटच्या कॉलला 4 रुपये. अर्ज आले 30,000 शेअरचे. "संचालकांनी खालील तक्त्याप्रमाणे वाटप केले, प्रो-राटा गटाची जादा अर्ज रक्कम अलॉटमेंटकडे वळवली" असं लिहिलंय आणि खाली पांढरी जागा! पुढे एवढंच: प्रो-राटा गटातल्या एका भागधारकाने 480 शेअर मागितले, त्याला 320 मिळाले, त्याने अलॉटमेंट आणि कॉल दोन्ही भरले नाहीत, त्याचे शेअर जप्त केले. बाकी सर्वांनी पैसे वेळेवर भरले. अलॉटमेंटवर बँकेत 74,880 रुपये जमा झाले.

इथे बहुतेक जण एक उडी मारतात. 480 ला 320 म्हणजे 3 ला 2. आणि 30,000 अर्जांना 20,000 शेअर, तेही 3 ला 2! मग सगळ्यांनाच प्रो-राटा मिळाले असणार, असं धरून मोकळे होतात. खरं सांगतो, पहिल्या वाचनात मीही तेच धरलं होतं.

तपासून बघूया. सगळे प्रो-राटात असते तर 10,000 जादा शेअरचे 30,000 रुपये अलॉटमेंटकडे वळले असते. 1,00,000 मधून 30,000 गेले, थकबाकीदाराचे 1,120 गेले, की बँकेत यायला हवे 68,880. पण आलेत 74,880. सहा हजारांचा फरक. म्हणजे तक्त्यात आणखी काहीतरी होतं.

हे 1,120 कुठून आले? या माणसाने 480 शेअरवर 3 रुपयांप्रमाणे 1,440 भरले. मिळालेल्या 320 शेअरला 960 लागले, 480 रुपये शिल्लक राहिले. अलॉटमेंटला त्याचे 1,600 देणे, त्यातून 480 वजा केले की 1,120 थकले. यासाठी तक्ता लागतच नाही, त्याचे स्वतःचे दोन आकडे पुरतात.

आता उलट्या दिशेने चालूया. अलॉटमेंटचे एकूण येणे 20,000 गुणिले 5, म्हणजे 1,00,000. बँकेत आले 74,880, थकले 1,120. बेरीज 76,000. उरलेले 24,000 म्हणजे अर्जातून वळवलेली जादा रक्कम. भागिले 3, तर 8,000 जादा शेअर. 3 ला 2 च्या गटात मागितलेल्यातला एक तृतीयांश भाग जादा असतो. म्हणून त्या गटाने 24,000 मागितले आणि 16,000 मिळाले. वाटलेल्या 20,000 पैकी राहिले 4,000. ते पूर्ण अलॉटमेंटवाले, जितके मागितले तितके मिळालेले. आणि 30,000 अर्जांपैकी उरलेले 2,000 नाकारले, त्यांचे 6,000 रुपये परत. तेच आपले हरवलेले सहा हजार!

एक अट मात्र लक्षात ठेवा. "बाकी सर्वांनी पैसे भरले" हे वाक्य नसतं, तर हा हिशोब बसला नसता. 24,000 मध्ये दुसऱ्या कोणाची थकबाकीही लपलेली असू शकली असती.

आता एंट्री. अर्जाचे पैसे आले तेव्हा बँक खाते नावे 90,000, शेअर अर्ज खाते जमा 90,000. मग हे 90,000 तीन ठिकाणी फुटतात:

शेअर अर्ज खाते नावे 90,000
शेअर भांडवल खाते जमा 60,000
शेअर अलॉटमेंट खाते जमा 24,000
बँक खाते जमा 6,000

अलॉटमेंट देय झाल्यावर शेअर अलॉटमेंट खाते नावे 1,00,000, शेअर भांडवल जमा 60,000 आणि सिक्युरिटीज प्रीमियम जमा 40,000. बँकेत 74,880 आले. कॉलला 80,000 देय, आले 78,720, कारण 320 शेअरचे 1,280 थकले.

मग जप्ती:

शेअर भांडवल खाते नावे 3,200
सिक्युरिटीज प्रीमियम खाते नावे 640
शेअर अलॉटमेंट खाते जमा 1,120
शेअर कॉल खाते जमा 1,280
शेअर जप्ती खाते जमा 1,440

दोन्ही बाजू 3,840. प्रीमियम का नावे टाकला? कारण तो आलाच नव्हता. त्याचे जादा 480 रुपये आधी भांडवलाकडे धरायची पद्धत आहे. अलॉटमेंटमधलं भांडवल 960 होतं, तेच पुरं झालं नाही, मग प्रीमियमपर्यंत पैसा पोचलाच कुठे? उलट, एखाद्याने अलॉटमेंट पूर्ण भरून फक्त कॉल चुकवला असता, तर प्रीमियमला हात लावायचा नाही. आलेला प्रीमियम जप्तीमुळे परत उलटत नाही.

जप्ती खात्यात 960 लिहिणं ही सर्वात नेहमीची चूक. लोक मिळालेल्या 320 शेअरवर 3 रुपये धरतात. पण त्या माणसाच्या खिशातून कंपनीकडे 1,440 आलेत, ते सगळे जप्त होतात. चूक झाली की जप्तीच्या एंट्रीत नावे बाजू बरोबर 480 ने जास्त निघते. असा फरक दिसला की समजा, जादा अर्ज रक्कम विसरलात.

हेच 320 शेअर नंतर 7 रुपयांनी पूर्ण भरलेले म्हणून विकले तर बँक नावे 2,240, शेअर जप्ती नावे 960, शेअर भांडवल जमा 3,200. जप्ती खात्यात उरलेले 480 भांडवली राखीव निधीत जातात.

तुमची स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर तिथे हजारो अर्ज येत नाहीत, पण शेअर देताना टप्प्याने पैसे घेतले असतील तर जप्तीचा प्रश्न खरोखर येतो. तेव्हा आधी आर्टिकल्स उघडून बघा, जप्तीचा अधिकार तिथे असावा लागतो. कंपनी कायदा 2013 च्या टेबल एफ प्रमाणे आधी नोटीस द्यायची आणि पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून किमान 14 दिवस द्यायचे. त्यानंतर संचालक मंडळाचा ठराव, आणि मगच ही एंट्री. आणि कागद हरवलाच, तर अंदाज बांधू नका. अलॉटमेंट झाल्यावर 30 दिवसांत रजिस्ट्रारकडे भरलेल्या PAS-3 फॉर्मसोबत कोणाला किती शेअर दिले याची यादी जोडलेली असते. किती परत केले, ते बँक स्टेटमेंटवर सापडेल.

ताईंना मी हे सगळं सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मूळ पुस्तकातल्या तक्त्याचा फोटो पाठवला. 4,000 पूर्ण, 24,000 ला 16,000, 2,000 नाकारले.