पन्नासही पीस पास, तरी रिपोर्ट नापास

भोसरीतलं एखादं छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. दोन सीएनसी लेथ, चार-पाच कामगार आणि दुचाकीला लागणाऱ्या एका पोलादी पिनचं काम. ड्रॉइंगवर पिनचा व्यास १२.००० मिलिमीटर दिला आहे आणि शेजारी टॉलरन्स आहे अधिक-उणे ०.०२०. म्हणजे ११.९८० ते १२.०२० यांमधली पिन चालेल, त्याबाहेरची भंगारात. एका शिफ्टमध्ये दर पाऊण तासाला सलग निघालेल्या पाच पिना उचलून मोजल्या. अशा दहा खेपांत पन्नास पिना झाल्या. सर्वांत लहान ११.९९७ आणि सर्वांत मोठी १२.०१८ निघाली. एकही पीस हद्दीबाहेर नाही. तरीही मोठ्या कंपनीने रिपोर्ट परत पाठवला, कारण त्यात ‘सीपीके १.००’ असं लिहिलं होतं आणि त्यांना किमान १.३३ हवा होता. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण प्रसंग रोजचा आहे.)

मालकाचा प्रश्न रास्त आहे. सगळा माल बरोबर असताना तक्रार कशाची? उत्तर असं, की कंपनीला या पन्नास पिनांशी फारसं देणंघेणं नाही. पुढच्या महिन्यात येणाऱ्या पन्नास हजार पिना कशा असतील, हे तिला आज जाणून घ्यायचं आहे. सीपी आणि सीपीके हे दोन आकडे त्यासाठी काढतात.

हिशोब सोपा जावा म्हणून सगळं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मांडू. १२.००० ला शून्य मानलं, तर खालची हद्द उणे २० आणि वरची अधिक २०. मधली मोकळी जागा ४० मायक्रॉन.

आता मशीन स्वतः किती जागा व्यापतं ते पाहू. एकाच सेटिंगवर लागोपाठ काढलेल्या पाच पिनाही हुबेहूब सारख्या नसतात. प्रत्येक खेपेतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पिनेतला फरक लिहून ठेवला आणि दहा खेपांची सरासरी काढली, तर ती ९.३ मायक्रॉन आली. पाच-पाचच्या खेपांसाठी संख्याशास्त्राने ठरवून दिलेला भाजक आहे २.३२६. भागाकार येतो ४ मायक्रॉन. हा या मशीनचा सिग्मा, म्हणजे मापं सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप. विखुरणं नेहमीच्या घंटेच्या आकाराचं असेल, तर हजारातले ९९७ पीस सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्माच्या आत पडतात. म्हणून मशीनची व्याप्ती सहा सिग्मा धरतात. इथे ती २४ मायक्रॉन होते.

सीपी म्हणजे उपलब्ध जागा भागिले व्याप्ती: ४० ÷ २४ = १.६७. जागा गरजेच्या दीडपटीहून जास्त आहे, म्हणजे मशीन या कामाला पुरेसं आहे.

पण सीपी एक गोष्ट पाहतच नाही. ही २४ मायक्रॉनची व्याप्ती चाळीसच्या जागेत नेमकी कुठे बसली आहे? पन्नास पिनांची सरासरी निघाली अधिक ८. म्हणजे सगळा माल वरच्या हद्दीकडे सरकलेला. सीपीके ही बाजू पाहतो. सरासरीपासून जवळच्या हद्दीपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि तीन सिग्माने भागायचं. वरची हद्द २०, सरासरी ८, अंतर १२. तीन सिग्माही १२. म्हणून सीपीके १.००. सरासरी कायम तिथेच राहिली असं धरलं, तरी दर दहा हजारांत तेरा-चौदा पिना वरच्या हद्दीपलीकडे जाणार. पन्नासच्या नमुन्यात त्यांतली एकही न सापडणं अगदी स्वाभाविक आहे. नुसत्या ‘पास-नापास’ तपासणीला ही गोष्ट दिसत नाही, म्हणून गो-नो गो गेजवर सीपीके काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पिनेचा आकडाच लागतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की रोग कळतो. सीपी चांगला आणि सीपीके वाईट, तर दोष मशीनच्या अचूकपणात नाही, सेटिंगमध्ये आहे. सेटर म्हणेल, एक्स ऑफसेटमध्ये व्यासाला उणे ८ मायक्रॉन भरले की सरासरी शून्यावर येईल आणि सीपीकेही १.६७ होईल. मग काम संपलं का?

नाही. दहा खेपांच्या सरासऱ्या क्रमाने मांडून पाहा. पहिली अधिक ३, शेवटची अधिक १३, आणि मधल्या पायरीपायरीने चढत गेलेल्या. नियंत्रण आलेखावर या सरासऱ्यांच्या मर्यादा साधारण २.६ आणि १३.४ येतात, त्यामुळे एकही बिंदू बाहेर नाही. पण सगळे बिंदू एकाच दिशेने चढत असतील, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. कारणही ठाऊक आहे. बाहेरचा व्यास कापताना इन्सर्टचं टोक झिजतं, टूल थोडं कमी धातू काढतं आणि पिन हळूहळू जाड होत जाते.

सीपीके काढताना घेतलेला चारचा सिग्मा एकेका खेपेच्या आतला होता. पाच पिना दोन-चार मिनिटांत निघतात, तेवढ्यात झीज दिसत नाही. सगळ्या पन्नास पिना एकत्र घेऊन प्रमाण विचलन काढलं, तर ते ५ येतं. या मोठ्या सिग्मावर तोच हिशोब केला की मिळणाऱ्या आकड्याला पीपीके म्हणतात. १२ भागिले १५, म्हणजे ०.८०. सीपीके आणि पीपीके यांच्यात असं अंतर दिसलं, की शिफ्टभरात काहीतरी सरकतं आहे असं समजावं. हे सरकणं सरासरीत लपून जातं. शेवटच्या खेपेच्या वेळी सरासरी १३ वर होती, म्हणजे वरची हद्द फक्त ७ मायक्रॉनवर. त्या सुमारास शंभरातल्या चार पिना बाद होत असणार. सकाळचा माल उत्तम आणि शिफ्ट संपतानाचा धोक्याचा, आणि कागदावर मात्र दोन्ही मिळून एकच आकडा.

म्हणून उपाय नुसता ‘उणे ८ भरा’ एवढा नाही. शिफ्टच्या सुरुवातीला सरासरी शून्याच्या जरा खाली ठेवायची आणि दर दोन तासांनी झिजेइतकी, इथे सुमारे ३ मायक्रॉनची, दुरुस्ती करायची. तेवढ्यावर पीपीके १.६ च्या वर जातो. नवीन मशीन लागत नाही.

इथे उत्साही ऑपरेटर एक चूक हमखास करतो. एक पिन अधिक ५ आली की लगेच ऑफसेट उणे ५, पुढची उणे ३ आली की अधिक ३. ते फरक बहुतांशी मशीनच्या नेहमीच्या चार मायक्रॉनच्या विखुरण्यातले असतात. त्यांचा असा पाठलाग केला तर प्रत्येक दुरुस्तीत मागच्या पिनेची चूक मिसळते आणि विखुरणं सुमारे १.४ पट होतं. चारचा सिग्मा ५.७ वर जातो आणि १.६७ चा सीपी १.१८ वर येतो. ऑफसेट हलवायचा तो पाच पिनांच्या सरासरीवर, एका पिनेवर नाही.

या सगळ्याखाली मोजमाप भक्कम हवं. ४० मायक्रॉनच्या जागेसाठी २० मायक्रॉनचाच टप्पा वाचणारा व्हर्नियर निरुपयोगी आहे. उपकरणाने जागेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ४ मायक्रॉनचा तरी फरक दाखवायला हवा, म्हणून एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर घ्यावा. मोजणाऱ्याच्या हाताचा फरकही सिग्मात मिसळतो. दोघांनी तीच पिन मोजून वेगळे आकडे दिले, तर त्याचा दोष बिचाऱ्या लेथच्या माथी जातो. तापमानही धरा. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात. मशीनवरून नुकतीच निघालेली १२ मिलिमीटरची पोलादी पिन ३५ अंशांवर असेल, तर ती जवळजवळ २ मायक्रॉन मोठी वाचते. चारच्या सिग्मासमोर हा आकडा लहान नाही.

मग प्रश्न नमुन्याचा. पन्नास पिनांवरून काढलेला १.६७ हा अंदाज आहे. खरा आकडा साधारण १.३३ ते २.० यांत कुठेही असू शकतो. दहाच पिना मोजल्या असत्या, तर ही पट्टी ०.९ पासून २.५ पर्यंत पसरली असती, म्हणजे काहीच कळलं नसतं. शंभर पिना घेतल्या की ती १.४ ते १.९ इतकी आवळते. अमेरिकी वाहन उद्योगाच्या एआयएजी या संस्थेची पीपीएपी नावाची मंजुरीपद्धत भारतातल्या पुरवठादारांकडूनही मागितली जाते. सुरुवातीच्या अभ्यासासाठी ती किमान २५ खेपांत मिळून निदान शंभर मापं मागते. त्या अभ्यासात १.६७ च्या वर असेल तर मान्य, १.३३ ते १.६७ असेल तर विचाराधीन आणि त्याखाली अमान्य, अशी तिची विभागणी आहे. तेव्हा आपल्या वर्कशॉपने दुसऱ्या रिपोर्टसाठी आणखी खेपा घेणं भागच आहे.

त्या खेपांतला माल निवडलेला नसावा. हद्दीबाहेरच्या पिना आधीच बाजूला काढून उरलेल्या मोजल्या, तर विखुरण्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. रिपोर्ट वाचणाऱ्याला हे मापांच्या स्तंभालेखात ओळखू येतं. घंटा कडेला हळूहळू उतरण्याऐवजी हद्दीपाशी एकदम तुटलेली असते.

शेवटी पैशाचा प्रश्न. समजा याच पिनेवर सिग्मा ४ ऐवजी ८ निघाला असता. व्याप्ती ४८, जागा ४०, सीपी ०.८३. अशा वेळी सरासरी कितीही नेमकी शून्यावर आणली, तरी हजारात बारा-तेरा पिना बाद होतीलच. तिथे ऑफसेटशी खेळण्यात अर्थ नाही. स्पिंडलचे बेअरिंग, कोलेटची पकड, बाहेर डोकावणाऱ्या बारची लांबी तपासावी लागेल, किंवा शेवटची ग्राइंडिंगची पायरी वाढवावी लागेल, किंवा इतका घट्ट टॉलरन्स खरोखर लागतो का, हे ग्राहकाला विचारावं लागेल. तोवर प्रत्येक पिन तपासण्याचा खर्च सोसायचा. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी सीपी पाहावा, मग सीपीके, मग पीपीके. पहिला कमी असेल तर खर्च मशीनवर किंवा पद्धतीवर, दुसरा कमी असेल तर सेटरची दहा मिनिटं, आणि फक्त तिसरा कमी असेल तर टूलच्या झिजेचं वेळापत्रक.