जुन्या भांडवली नफ्याचे संरक्षण : एका नियमवाक्याचा अन्वय

एखाद्या नफ्यावर नवा कर बसतो, तेव्हा तो कर बसण्यापूर्वीच साचलेल्या नफ्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. नफा वर्षानुवर्षे साचतो. कर मात्र विक्रीच्या दिवशी लागतो. अशा जुन्या नफ्यास करातून वगळण्याच्या योजनेस इंग्रजी परंपरेत ‘ग्रँडफादरिंग’ म्हणतात. या शब्दाचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेतील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मतदानविषयक कायद्यांत आहे. ज्याच्या आजोबांस मताधिकार होता, त्यास नव्या अटींतून त्या कायद्यांनी सूट दिली होती. शब्दाचा हा इतिहास लांच्छनास्पद असला, तरी करशास्त्रात त्याचा अर्थ केवळ जुन्या स्थितीस दिलेले संरक्षण एवढाच उरला आहे.

आपल्याकडे व्यवहारकर भरून शेअरबाजारात विकलेल्या समभागांचा दीर्घकालीन नफा १ ऑक्टोबर २००४ पासून करमुक्त होता. १ फेब्रुवारी २०१८ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाने ही सूट काढली आणि १ एप्रिल २०१८ पासूनच्या विक्रीवर कर बसविला. मात्र ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा सुरक्षित राखला. हे संरक्षण स्वतंत्र सूट म्हणून न देता ‘खरेदीमूल्य’ या शब्दाची व्याख्या बदलून दिले आहे. त्या तारखेपूर्वी वा त्या दिवशी घेतलेल्या समभागाचे खरेदीमूल्य पुढील दोहोंपैकी जे अधिक ते धरावे : एक, प्रत्यक्ष खरेदीची किंमत, दुसरे, ३१ जानेवारी २०१८ चे रास्त बाजारमूल्य आणि विक्रीची किंमत यांपैकी जे कमी ते. ‘अधिक’च्या पोटात ‘कमी’ अशी ही रचना आहे. म्हणून अन्वय आतून बाहेर लावावा, म्हणजे प्रथम ‘कमी’ निवडावे आणि मग ‘अधिक’.

उदाहरण घेऊ. समजा, खालापूर तालुक्यातील एका गृहस्थाने २००५ साली जमिनीचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून एका कंपनीचे १,००० समभाग प्रत्येकी १०० रुपयांस घेतले. ३१ जानेवारी २०१८ रोजी बाजारातील त्यांचा सर्वोच्च भाव ५०० रुपये होता. २०२५ च्या जूनमध्ये त्याने ते ८०० रुपयांस विकले. ५०० व ८०० यांत कमी ५००. १०० व ५०० यांत अधिक ५००. म्हणून खरेदीमूल्य ५ लाख व करपात्र नफा ३ लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार वर्षातील अशा नफ्यापैकी पहिले सव्वा लाख वगळून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर लागतो. येथे १,७५,००० वर २१,८७५ रुपये होतात, उपकर निराळा. संरक्षण नसते, तर नफा ७ लाख व कर ७१,८७५ रुपये झाला असता.

आता ‘कमी’ची कसोटी कशासाठी, ते पाहू. समजा, समभाग ३०० रुपयांसच विकले गेले. केवळ ५०० हे मूल्य धरले, तर प्रत्यक्षात दर समभागास २०० रुपये मिळविणारा मनुष्य २०० रुपयांचा तोटा दाखवील आणि तो दुसऱ्या नफ्यातून वजा करू पाहील. नियमाप्रमाणे ५०० व ३०० यांत कमी ३००, १०० व ३०० यांत अधिक ३००. म्हणून नफाही शून्य व तोटाही शून्य. उलट, विक्री ६० रुपयांस झाली, तर आतील उत्तर ६० येते, पण बाहेरील ‘अधिक’मुळे १०० हीच किंमत राहते आणि ४० रुपयांचा खरा तोटा मान्य होतो. तात्पर्य, आतील शब्द काल्पनिक तोटा अडवितो आणि बाहेरील शब्द खऱ्या तोट्याचे रक्षण करतो.

व्यवहारात चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिली, त्या दिवसाचा बंद भाव घेण्याची. नियमास सर्वोच्च भाव अभिप्रेत आहे. दुसरी, बक्षीस समभागांची. ते ३१ जानेवारी २०१८ नंतर मिळाले असतील, तर त्यांस हे संरक्षण नाही व त्यांची खरेदीकिंमत शून्य धरली जाते. विवरणपत्रात नफा विक्री उणे मूळ खरेदी इतकाच निघत असेल आणि त्या तारखेचा भाव मूळ किमतीहून अधिक असेल, तर बाजारमूल्याचा रकाना रिकामा राहिला आहे असे ओळखावे.

या तारखेची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. कर्जत-खालापूरकडे कुटुंबाची ठेव समभागांपेक्षा बहुधा जमिनीत असते, आणि जमिनीस ३१ जानेवारी २०१८ ही तारीख लागू नाही. ग्रामीण शेतजमीन भांडवली मत्तेच्या व्याख्येतच येत नाही. बिगरशेती भूखंड १ एप्रिल २००१ पूर्वीचा असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या दिवसाचे रास्त बाजारमूल्य धरता येते. पण त्या दिवसाचे मुद्रांकमूल्य उपलब्ध असल्यास त्याहून अधिक नव्हे. ही तारीख मात्र कोणत्याही नव्या कराचा आरंभदिन नाही. जमिनीवरील भांडवली नफ्याचा कर त्यापूर्वीपासूनच होता, आणि ही तारीख केवळ जुन्या किमतींचा हिशेब सोपा व्हावा म्हणून पुढे आणलेली आहे. म्हणून दोन्ही तरतुदी दिसावयास सारख्या असल्या, तरी संरक्षण हे नाव पहिलीसच शोभते.