गिझरच्या टाकीत करंट उतरला तर?

प्रश्न : सर, वीज कमी रोधाच्या वाटेने जाते, म्हणून अर्थिंग असलं की करंट माझ्या अंगातून न जाता जमिनीत जातो, असं शिकलो. एवढंच कारण आहे का?

उत्तर : नाही. दोन वाटा मिळाल्या तर करंट दोन्हींतून जातो. जास्त रोधाच्या वाटेने कमी, इतकंच. अर्थच्या वायरचं मुख्य काम आहे बिघडलेलं उपकरण बंद पाडणं.

दोन किलोवॅटचा गिझर घे. तो साधारण 9 अँपिअर घेतो, वर 16 अँपिअरची एमसीबी. आत एलिमेंट फुटलं आणि फेज टाकीला टेकला. अर्थ नाही, पाइप प्लास्टिकचे. टाकी 230 व्होल्टवर जाऊन बसते, पण करंटला परतीची वाट नसल्यामुळे एमसीबी ढिम्म. पाणीही तापत राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. आता तू टाकीला हात लावलास आणि अंगाचा रोध 1,500 ओहम धरला, तर अंगातून सुमारे 0.15 अँपिअर जातील. माणूस दगावायला तेवढे पुरतात. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थची वायर जोडली, की टाकीवरचा करंट तिच्यातून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे परततो. (वीज जमिनीत ‘मुरत’ नाही, तिला परत जायचं असतं ते ट्रान्सफॉर्मरकडेच.) या पूर्ण फेऱ्याचा रोध एक ओहम असेल तर 230 अँपिअर वाहतील आणि एमसीबी क्षणात पडेल.

खरी गोम इथे आहे. अनेक घरांत अर्थ स्वतःच्या खड्ड्यात जातो आणि परतीची वाट मातीतून असते. खड्ड्याचा रोध 8 ओहम, ट्रान्सफॉर्मरकडचा 2 ओहम धरला तर करंट फक्त 23 अँपिअर. एवढ्यावर 16 ची एमसीबी पडायला तासभरही लागू शकतो, आणि तोवर टाकीवर 23 गुणिले 8, म्हणजे 184 व्होल्ट! अशा घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परतला नाही, की ती खटका पाडते. अर्थ असेल तर बिघाड होताच, कुणी हात लावण्याआधी.

प्रश्न : सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थ आहे की नाही, हे कसं कळणार?

उत्तर : टेस्टरने नाही. चांगल्या अर्थवर तो पेटत नाही, आणि वायरच नसलेल्या भोकातही सहसा पेटत नाही. वायरमन फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा दिवा लावून बघतात. पण त्या दिव्याचा स्वतःचा रोध 500 ओहमच्या वर असतो, त्यामुळे अर्थ 50 ओहमचा असला तरी तो जवळजवळ पूर्ण पेटतो. वायर जोडलेली आहे एवढंच त्यातून कळतं. अर्थ पुरेसा चांगला आहे का, हे अर्थ टेस्टरने रोध मोजल्यावरच.