कपात, कात्री, छाटणी की नुसतं ‘कमी’? बजेटची बातमी वाचताना आणि स्वतःचा अहवाल लिहिताना

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचं महिन्याचं बजेट कसं मांडायचं ते बघितलं. त्यानंतर बॅचमधल्या एका ताईंनी त्यांचा अहवाल मला दाखवला. सगळे आकडे बरोबर होते, पण खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहिलेला: ‘कपात’. वीजबिलात कपात, मालखरेदीत कपात, जाहिरातीत कपात. मी म्हटलं, ताई, बँकेच्या साहेबांनी हे वाचलं तर त्यांना वाटेल की दुकान बंद व्हायला आलंय. प्रत्यक्षात त्यांचं दुकान छान चाललंय!

म्हणून आज फक्त ‘कमी करणे’ या अर्थाच्या शब्दांबद्दल बोलू. इंग्रजी बिझनेस बातम्यांत लोअर, ट्रिम, कर्टेल, स्लॅश असे शब्द येतात. मराठीत आपल्याकडे कमी करणे, घट, छाटणी, आवर घालणे, कपात, कात्री लावणे हे आहेत. अर्थ ढोबळमानाने एकच असला तरी प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. आणि सूर चुकला की समोरचा माणूस आकडा बघण्याआधीच मत बनवून मोकळा होतो.

आधी शब्द ओळखून घेऊ

‘कमी केला’ हा सगळ्यात शांत शब्द. इंग्रजीतला लोअर तो हाच. दर, कर, व्याज, अंदाज यांच्यासाठी चालतो. त्यात राग नाही, कौतुकही नाही.

‘घट झाली’ म्हटलं की करणारा माणूसच गायब होतो. ‘निधीत घट झाली’ आणि ‘निधी घटवला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात जणू पाऊस कमी पडावा तसं आपोआप झालं. दुसऱ्यात कोणीतरी ठरवून केलं. निर्णय घेणाऱ्याला बहुतेक वेळा पहिलं वाक्य आवडतं आणि टीका करणाऱ्याला दुसरं.

‘छाटणी’ म्हणजे ट्रिम. आपल्या बागलाणात छाटणी म्हटलं की द्राक्षबाग डोळ्यांसमोर येते. छाटतो कशासाठी? नवीन फूट यावी म्हणून. त्यामुळे ‘खर्चाची छाटणी’ म्हटलं की फालतू तेवढं काढलं, मूळ शाबूत आहे, असा भास होतो. पण खरड छाटणीनंतरची बाग ज्याने पाहिलीय त्याला माहिती आहे की छाटणीत जवळजवळ सगळंच काढतात. म्हणजे शब्द गोड असला तरी किती काढलं हे तो सांगत नाही.

‘आवर घालणे’ किंवा ‘मर्यादा आणणे’ म्हणजे कर्टेल. चालू असलेली गोष्ट पुढे वाढू नये म्हणून लगाम लावला, असा अर्थ.

‘कपात’ हा सरकारी आणि ऑफिसचा शब्द. यात ठरवून केलेली कृती आहे. पण गंमत बघा, ‘करकपात’ ऐकून आपण खूश होतो आणि ‘पगारकपात’ ऐकून पोटात गोळा येतो. शब्द तोच आहे, फक्त खिसा कोणाचा हे बदललं.

‘कात्री’ हा मथळ्याचा शब्द. इंग्रजी स्लॅशच्या जागी आपले पेपर बहुतेक हाच वापरतात. यात ज्याचं कापलं गेलं त्याची बाजू घेतली जाते. मात्र कात्रीने धागाही कापतात आणि अख्खं ठाणही, म्हणून आकडा पाहिल्याशिवाय कात्रीवर विश्वास ठेवायचा नाही.

विधिमंडळात आणि संसदेत ही अडचण शब्दाशेजारी रुपये लिहून सोडवलेली आहे. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर ‘कपात सूचना’ मांडता येते. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. सरकारचं धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, अशी धोरण कपात. अमुक खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रक्कम वजा करा, अशी काटकसर कपात. आणि एखादी तक्रार सभागृहापुढे आणायची असेल तर फक्त १०० रुपये कमी करा, अशी प्रतीक कपात. शब्द तिन्हीकडे कपातच आहे, पण रक्कम वाचली की बोलणाऱ्याचा हेतू कळतो.

आता एक खरी केस

रोजगार हमी योजना महाराष्ट्रातून सुरू झाली आणि पुढे मनरेगा म्हणून देशभर गेली. १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३-२४ साठी मनरेगाला ६०,००० कोटी रुपये ठेवले होते. त्याच्या आदल्या वर्षाचे दोन आकडे होते. वर्षाच्या सुरुवातीला ठेवलेले ७३,००० कोटी, त्याला अर्थसंकल्पीय अंदाज म्हणतात. आणि वर्ष चालू असताना कामाची मागणी बघून वाढवलेले ८९,४०० कोटी, त्याला सुधारित अंदाज म्हणतात.

आता गणित करू. ७३,००० वरून ६०,००० म्हणजे १३,००० कोटी कमी, साधारण १८ टक्के. ८९,४०० वरून ६०,००० म्हणजे २९,४०० कोटी कमी, साधारण ३३ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. एकजण म्हणेल ‘तरतूद १८ टक्क्यांनी कमी’ आणि दुसरा म्हणेल ‘मनरेगाला एक तृतीयांश कात्री’. कोणीच खोटं बोललं नाही. फरक आहे तो कशाच्या तुलनेत कमी, याचा. पहिल्याने आदल्या वर्षाचा सुरुवातीचा अंदाज धरला, दुसऱ्याने वाढवलेला.

त्यावर सरकारचं म्हणणं होतं की ही मागणीनुसार चालणारी योजना आहे, गरज पडली तर पैसे वाढवता येतात. आणि त्या वर्षीचा सुधारित अंदाज पुढे ८६,००० कोटींवर गेलाही. म्हणजे फेब्रुवारीत जी ‘कात्री’ दिसली ती वर्षअखेर टिकली नाही. पण मधल्या काळात मजुरी वेळेवर मिळेल का, अशी धाकधूक ज्याला होती त्याच्यासाठी तो शब्द पोकळ नव्हता.

यातून बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणी कमी केलं? कशाच्या तुलनेत? आणि हे तात्पुरतं आहे की कायमचं? क्रियापद या तिन्हींची उत्तरं सुचवतं, पण खात्री आकडा आणि तारीखच देतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी ४ मे २०२० चा राज्याच्या वित्त विभागाचा निर्णय आठवा. कोरोनामुळे उत्पन्न थांबलेलं होतं. वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन कामं सुरू करायची नाहीत आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवीन भरती करायची नाही, असं ठरलं. ‘३३ टक्के निधी मिळणार’ म्हणा किंवा ‘६७ टक्के कात्री’ म्हणा, रक्कम तीच. पण त्या निर्णयाचा खरा स्वभाव ‘आवर घालणे’ हा होता, कारण तो त्या आर्थिक वर्षापुरता होता.

माझी चूक

त्याच काळातली माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो. आमचं सटाण्यात कटलरी-स्टेशनरीचं दुकान. मी दुकानाच्या ग्रुपवर एका ओळीत मेसेज टाकला: ‘या महिन्यापासून पगारात कपात होईल.’ बीबीए केलेलं, त्यामुळे वाटलं की मेसेज एकदम प्रोफेशनल झाला. संध्याकाळी आमच्याकडचे सगळ्यात जुने काका शटर ओढता ओढता म्हणाले, “शेठ, हे कायमचं का? पोराला सांगायला पाहिजे ना घरी.”

तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोक्यात तीन महिन्यांचा हिशेब होता, पण मेसेजमध्ये तो नव्हता. नऊ हजारांचे साडेसात हजार करायचे आणि फरक दिवाळीनंतर परत द्यायचा, असं मी ठरवलं होतं. रात्री मी परत लिहिलं: ‘पुढचे तीन महिने मी पगाराचे ९,००० पैकी ७,५०० देऊ शकेन. राहिलेले महिना १,५०० म्हणजे एकूण ४,५०० दिवाळीनंतर देईन.’ यात ‘कपात’ शब्दच नाही, आणि तो टाळण्यासाठी टाळलेला नाही. जे परत द्यायचंय ती कपात नसतेच, ती उधारी असते. मी चुकीचा शब्द वापरला होता.

तुमच्या अहवालात काय लिहायचं

आता त्या ताईंचा अहवाल आम्ही कसा दुरुस्त केला ते बघा.

वीजबिल ४,२०० वरून ३,६०० झालं होतं. मी विचारलं, कशामुळे? त्या म्हणाल्या, जुन्या ट्यूब काढून एलईडी लावले. मग ‘बिलात घट झाली’ असं का लिहायचं? ‘एलईडी लावून वीजबिल ६०० रुपयांनी कमी केले’ असं लिहा. करणारे तुम्ही आहात आणि ही बचत पुढच्या महिन्यातही राहणार आहे, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. उलट आठ दिवस दुकान बंद होतं म्हणून बिल कमी आलं असतं, तर ‘कमी आले’ हेच प्रामाणिक होतं.

मालखरेदी १,५०,००० वरून १,२०,००० आली होती, म्हणजे २० टक्के कमी. कारण जुना माल शिल्लक होता. तिथे लिहिलं, ‘शिल्लक माल विकला जाईपर्यंत नवीन खरेदीला आवर घातला आहे’. इथे ‘कपात’ राहिलं असतं तर विक्री पडली असा अर्थ निघाला असता.

जाहिरात ५,००० वरून १,५०० आली होती. ताई म्हणाल्या, इथे ‘छाटणी’ लिहू का, बरं वाटतं. मी नाही म्हटलं. ७० टक्के काढून टाकल्यावर छाटणी म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं. तिथे सरळ लिहिलं, ‘जाहिरात खर्चात ७० टक्के कपात केली, कारण पत्रकांमधून गिऱ्हाईक येत नव्हते’.

तिन्ही ओळींत आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि कारण आलं. ‘कात्री’ कुठेच वापरली नाही. ती दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरायची असते, आपण आपल्या हिशेबात नाही.

आता तुमचा मागच्या महिन्याचा अहवाल काढा, ‘कपात’ आणि ‘घट’ या शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येकापुढे लिहा: कोणी, कशावरून किती, आणि कधीपर्यंत. जिथे उत्तर लिहिता येणार नाही, तिथे आधी हिशेब परत तपासा, शब्द नंतर बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत!